नेले असता, नेले असते

प्रश्न: बातमीत वाचलं, "त्याला रुग्णालयात नेले असता डॉक्टरांनी मृत घोषित केले." म्हणजे नेलं. पण "वेळेत नेले असते तर तो वाचला असता" म्हटलं की नेलं नाही, आणि तो वाचलाही नाही. हा एकच 'असता' घडलेलं आणि न घडलेलं, दोन्ही कसं सांगतो?

शब्द एक दिसतो, पण ते दोन आहेत. बातमीतला 'असता' अव्यय आहे. कर्ता-कर्म कोणतंही असो, तो जागचा हलत नाही. मी गेलो असता, गाडी आली असता, पत्र मिळाले असता, मुले परतली असता. 'वाचला असता' मधला 'असता' मात्र क्रियापदाचं रूप आहे, व्याकरणात त्याला संकेतार्थ म्हणतात, आणि तो लिंग-वचन-पुरुषाप्रमाणे बदलतो: मी गेलो असतो, तू गेला असतास, गाडी आली असती, पत्र मिळाले असते, पोळ्या केल्या असत्या. दोघांची गाठ पडते ती फक्त पुल्लिंगी एकवचनात. तुम्हाला पडलेला घोळ तिथलाच आहे. शंका आली की वाक्यात गाडी घालून बघा. 'असती' होत असेल तर गोष्ट घडलेली नाही. 'असता'च राहत असेल तर तो अव्यय.

मी मुद्रितशोधन करतो. एकदा एका नव्या सहकाऱ्याने 'नेले असता'तलं 'नेले' नपुंसकलिंगी आहे म्हणून पुढे 'असते' केलं. "रुग्णालयात नेले असते डॉक्टरांनी मृत घोषित केले." पान जायच्या आधी दिसलं म्हणून बरं. त्याची चूक तशी समजण्यासारखी होती, कारण हा अव्यय बोलण्यात जवळजवळ उरलेलाच नाही. घरी कोणी "मी बाजारात गेलो असता" म्हणत नाही, "गेलो तेव्हा" किंवा "गेल्यावर" म्हणतो. तो उरलाय बातम्यांत, पोलिसी कागदांत आणि औषधांच्या जुन्या पुस्तकांत. त्या पुस्तकांतला प्रकार आणखी वेगळा: "हे चूर्ण मधातून घेतले असता खोकला थांबतो." इथे 'असता' म्हणजे 'तर'च, पण उघडा 'तर': घ्याल तर थांबेल. अव्ययाची धाव तिथपर्यंतच. हुकलेली गोष्ट सांगायची असेल तर संकेतार्थच लागतो.

दोन्हींचं मूळ एकच, 'असणे'चं '-त' लागून होणारं कृदंत. 'नसती उठाठेव', 'नसता उपद्व्याप' यांतला 'नसता'ही त्याच घरचा, फक्त विशेषण झालेला. संस्कृतात हुकलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाचं स्वतंत्र रूपच होतं, लृङ्. पाणिनीने त्याचं कारण 'क्रियातिपत्ति' असं दिलंय, म्हणजे क्रिया सिद्धीला न जाणं. वैयाकरणांचं ठरलेलं उदाहरण पाऊस-पिकाचंच आहे: सुवृष्टिश्चेदभविष्यत् सुभिक्षमभविष्यत्. चांगला पाऊस झाला असता तर सुकाळ झाला असता. 'अभविष्यत्' नीट पाहा. सुरुवातीचा 'अ' भूतकाळाचा, मधला 'ष्य' भविष्याचा. भूतकाळात उभं राहून तेव्हाच्या भविष्याकडे पाहणं एका शब्दात बसवलंय. मराठीत हे रूप आलं नाही. ते काम '-ता'च्या रूपांनी उचललं. जुन्या वळणात ती एकटीच पुरत: 'तो येता तर बरे होते'. आज आपण 'आला असता' अशी जोडी वापरतो, एकटं रूप मुख्यतः 'असणे'पुरतं राहिलंय: आज आजी असती तर.

इथे एक बारीक फरक दिसतो. "ती पुण्यात असते" म्हणजे ती तिथे राहते. "ती पुण्यात असती तर" म्हणजे ती तिथे नाही. एका वेलांटीवर बाई पुण्यातून बाहेर! पण पुरुषाने "मी पुण्यात असतो" म्हटलं तर दोन्ही रूपं सारखीच, 'तर' ऐकेपर्यंत कळत नाही.

या रूपात भूतकाळ असतो असं बऱ्याचदा शिकवतात, ते मला पटत नाही. "उद्या आला असतास तर भेट झाली असती." उद्या अजून उजाडायचाय. तरी ऐकणाऱ्याला कळतं की हा येणार नाही असं बोलणाऱ्याने धरून टाकलंय. "उद्या आलास तर भेट होईल" म्हटलं की दार उघडं. रूप काळ सांगत नाही, गोष्ट हातची गेली एवढं सांगतं. म्हणून 'तर' आणि पुढचं वाक्य गाळलं तरी अर्थ पोचतो, आणि बहुधा तक्रार होऊनच पोचतो: "एक फोन केला असतास."