सीआयएफ म्हणजे पोच भाव नव्हे

प्रश्न : दुबईच्या व्यापाऱ्याशी केळीचा सौदा झाला आहे. करारात 'सीआयएफ जेबेल अली, इन्कोटर्म्स २०२०' असं लिहिलंय. म्हणजे पोच भावच ना? मग विमा आणि तिकडे कंटेनर उतरवायचा खर्च दोन्ही आमच्याच अंगावर का? (रावेर)

विमा तुमच्या अंगावर, उतरवणं बहुधा नाही.

आपल्याकडे पोच भाव म्हटलं की माल समोरच्याच्या दारात पोचेपर्यंत खर्चही विकणाऱ्याचा आणि नुकसानही त्याचंच. इन्कोटर्म्स म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या ठरलेल्या अटी; त्यांतल्या सीआयएफमध्ये, म्हणजे 'किंमत, विमा, भाडं' या अटीत, या दोन गोष्टींची फारकत होते. जेबेल अलीपर्यंतचं जहाजभाडं आणि विम्याचा हप्ता तुम्ही भरता, पण जोखीम न्हावा शेवाला कंटेनर जहाजावर चढला की खरेदीदाराची होते. म्हणून विमा काढता तुम्ही, आणि समुद्रात नुकसान झालं तर दावा करतो तो. विम्याचं प्रमाणपत्र त्याला दावा करता येईल अशा रीतीने कागदांसोबत जायलाच हवं.

विमा किती? करारातल्या किमतीच्या किमान ११० टक्के, त्याच चलनात. सौदा समजा १२,००० डॉलरचा असेल, तर १३,२०० डॉलरचा. मात्र सीआयएफमध्ये सर्वात कमी संरक्षणाचा, म्हणजे क्लॉज 'सी'चा विमा पुरतो. त्यात आग, जहाज बुडणं, टक्कर असे मोठे अपघात येतात; रीफर म्हणजे शीत कंटेनर बंद पडून केळी पिकली तर काही मिळत नाही. खरी गोम इथे आहे. नियमाप्रमाणे तुम्ही बरोबर, पण खरेदीदार हात चोळत बसणार आणि पुढच्या सौद्यात भाव पाडणार. शीतयंत्र बिघाडाचं जादा संरक्षण हवं का आणि त्याचा हप्ता कोणी भरायचा, हे आधीच ठरवा. सीआयपी या दुसऱ्या अटीतही भाडं आणि विमा विक्रेत्याचाच; तिथे सर्वात व्यापक संरक्षणाचा क्लॉज 'ए' लागतो, पण त्यातही उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं.

आता उतरवणं. सीआयएफमध्ये तो खर्च खरेदीदाराचा. अपवाद एकच: जहाज कंपनीशी तुम्ही केलेल्या वाहतूक करारात तो खर्च तुमच्याकडे असेल, तर तुम्हीच भरायचा, आणि वेगळं ठरलं नसेल तर खरेदीदाराकडून मागता येत नाही. भांडण इथेच होतं. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीवर, 'फ्रेट प्रीपेड' म्हणजे भाडं आधीच भरलंय असं वाचून खरेदीदाराला वाटतं सगळं भरलंय. मग जेबेल अलीत टर्मिनल हँडलिंगचं, म्हणजे बंदरावर कंटेनर हाताळण्याचं, बिल हातात आलं की तो ते तुमच्या रकमेतून कापतो.

म्हणून फॉरवर्डरकडून, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्याकडून, भाव घेताना तिकडचं टर्मिनल हँडलिंग धरलंय का, ते लेखी विचारा. धरलं नसेल तर करारातच लिहा: 'जेबेल अलीचे टर्मिनल हँडलिंग खरेदीदाराकडे'. खरेदीदाराला माल उतरवूनच हवा असेल, तर त्यासाठी डीपीयू ही अट आहे. विक्रेत्याने उतरवून द्यायचं, असं सांगणारी इन्कोटर्म्सच्या अकरा अटींपैकी ती एकच. डीएपी या अटीत माल ठरलेल्या ठिकाणी वाहनावरच सोपवायचा, खाली खरेदीदार उतरवणार. या दोन्हींत विमा कोणावरच बंधनकारक नाही, पण जोखीम तिथवर तुमची असल्याने न काढणं वेडेपणाचं.