वॉशिंग मशीनच्या वॉरंटी कार्डाचे भाषांतर

प्रश्न: कार्डावर ‘मशीनवर 2 वर्षे, मोटरवर 10 वर्षे’ अशी वॉरंटी आहे. मराठीत नेमके कसे लिहावे?

उत्तर: मूळ कार्डात दोन्ही मुदती खरेदीच्या तारखेपासूनच मोजायच्या असतील, तर असे लिहावे: ‘संपूर्ण मशीनवर खरेदीच्या तारखेपासून 2 वर्षे आणि केवळ मोटरवर त्याच तारखेपासून 10 वर्षे.’ येथे ‘त्यानंतर 10 वर्षे’ असे लिहिल्यास ग्राहक 12 वर्षे धरतो, आणि वाद तिथेच सुरू होतो. तिसऱ्या वर्षापासून मोटर मोफत, पण मजुरी व भेट शुल्क ग्राहकाकडे, असे मूळ कार्डात असल्यास ते अपवादांच्या बारीक अक्षरांत न ढकलता मुदतीलगतच द्यावे. दाव्याच्या कृतीत ‘मूळ बिल दाखवणे बंधनकारक आहे’ याचे ‘बिल दाखवावे’ असे सौम्य रूप करू नये.