पाचव्या दिवशीची पिवळी झाक

"आमचं बाळ पाच दिवसांचं झालं. दवाखान्यातून आलो तेव्हा लालबुंद होतं, आता डोळ्याचं पांढरं पिवळं दिसतंय आणि तोंडावर पण झाक आलीय. आई म्हणते, सगळ्याच पोरांना होतंय, कोवळ्या उन्हात धरलं की जातंय. रक्त तपासायला लगेच न्यावं का अजून दोन दिवस बघावं?"

हा फोन आला आषाढात, शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास, खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या एका गावातून. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाहेर संततधार, त्यामुळे कोवळं ऊन हा उपाय तसाही हाताशी नव्हता.

आधी दोन गोष्टी विचारल्या: बाळ कधी जन्मलं, आणि किती आठवड्यांचं होतं. तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, काढायला सांगितलं. जन्म सोमवारी सकाळी ९ वाजता, ३६ आठवडे ५ दिवस, वजन २ किलो ६०० ग्रॅम. प्रसूती साधी झाली आणि बुधवारी दुपारी घरी सोडलं. उत्तराचा निम्मा भाग इथेच मिळाला. नवजात बाळाची कावीळ दिवसांवर नव्हे, तासांवर मोजतात. कावीळ मोजायचा रक्तातला आकडा, म्हणजे बिलिरुबिन, डेसिलीटरला १२ मिलिग्रॅम आला आणि बाळ २० तासांचं असेल तर ते धोक्याचं. तेच १२ पूर्ण दिवसांच्या, ठणठणीत बाळाला पाचव्या दिवशी आलं तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवावं लागतं. म्हणून जन्माची वेळ आणि आठवडे सांगितल्याशिवाय कुणी "एवढं चालतं" म्हणालं, तर ते धरून चालू नये.

आजीचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या आठवड्यात पिवळेपणा येतो. पोटात असताना लागणाऱ्या जादा तांबड्या पेशी जन्मानंतर फुटतात, त्यातून बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो आणि बाळाचं कोवळं यकृत तो पुरेशा वेगानं बाहेर टाकू शकत नाही. पातळी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात वर जाते. अडचण अशी, की घरी सोडतात दुसऱ्या दिवशी. दवाखान्यात बाळ लालबुंद दिसलं ते खरंच होतं, चढ पुढे घरी आल्यावर झाला. दोन-तीन दिवसांत घरी सोडलेलं बाळ पुढच्या दोन दिवसांत परत दाखवावं, ते याचसाठी. आशा ताई गुरुवारी, तिसऱ्या दिवशी येऊन गेल्या होत्या. तेव्हा फक्त चेहऱ्यावर थोडी झाक होती. त्यांची पुढची फेरी सातव्या दिवशी. चढ नेमका या दोन फेऱ्यांच्या मधे होतो.

मग बाळाला बाळंतिणीच्या खोलीतून उंबऱ्याशी आणायला सांगितलं. खोली बंद, शेगडी पेटलेली आणि वर पिवळा बल्ब. त्या उजेडात पिवळेपणा दिसतच नाही, किंवा सगळंच पिवळं दिसतं. शिवाय अंगाला हळद-तेल लावलेलं असेल तर ते आधी ओल्या कापडानं पुसावं लागतं. दिवसाच्या उजेडात कपाळावर, मग छातीच्या मधल्या हाडावर, पोटावर, मांडीवर आणि शेवटी तळपायावर अंगठा दोन सेकंद दाबून उचलायचा. रक्त बाजूला सरकतं आणि खालच्या कातडीचा खरा रंग क्षणभर दिसतो. बाळ सावळं असेल तर हिरड्या आणि डोळे बघायचे. पिवळेपणा डोक्याकडून खाली उतरत जातो. या बाळाच्या मांडीवर दाबल्यावर पांढरट नव्हे, पिवळा ठसा उमटत होता.

पण डोळ्यानं केलेला अंदाज एकाच बाजूनं वापरायचा. पोटाच्या खाली पिवळं दिसलं तर तपासणी नक्की करायची. फक्त चेहरा पिवळा म्हणून तपासणी टाळायची मात्र नाही, विशेषतः बाळ ३८ आठवड्यांच्या आत जन्मलेलं असेल तर. अनुभवी डॉक्टरांचा अंदाजही कित्येकदा तीन-चार अंकांनी चुकतो, सावळ्या कातडीवर जास्तच.

खरी काळजी पुढच्या उत्तरांनी वाढली. दूध किती वेळा घेतं? "झोपूनच असतंय, उठवलं तरी दोन घोट ओढतंय नि परत झोपतंय. चार-पाच तासांनी घेतंय." मध्ये मध्ये साखरेचं पाणी चमच्यानं आणि एकदा मध चाटवलेला. लघवी कालपासून दोनदा, दुपट्यावर विटकरी डाग. शी अजून काळपट हिरवी. हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं: पोटात दूध कमी जातंय. पाचव्या दिवशी सहाच्या आसपास दुपटी लघवीनं भिजायला हवीत आणि शी मोहरीसारखी पिवळी व्हायला हवी. बिलिरुबिन बाहेर पडायची मुख्य वाट शी हीच आहे. काळी शी आतड्यात पडून राहिली की त्यातलं बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. बिलिरुबिन वाढलं की बाळ सुस्त, सुस्त बाळ दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून शी नाही. साखरेच्या पाण्यानं पोट भरल्यासारखं होतं, शी होत नाही. आणि मध तर एक वर्षाच्या आत देऊच नये, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

सांगितलं ते एवढंच: आजच, आत्ता, बेळगावला. निवड करताना एक गोष्ट बघा, जिथे तपासणी आणि निळ्या दिव्याचे उपचार दोन्ही एकाच छताखाली आहेत तिथेच जा. काही ठिकाणी नमुना घेतात, पण तो दुसरीकडे पाठवतात आणि अहवाल संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मिळतो. या बाळाकडे तेवढा वेळ नव्हता. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या बाळाचे उपचार मोफत असतात आणि १०८ ला फोन करून गाडी मागवता येते. कार्डावर किंवा चिठ्ठीवर कन्नडमध्ये "कामाले" लिहिलेलं दिसलं तर तो शब्द कावीळच आहे, हेही सांगितलं, कारण घरात कन्नड वाचणारं कुणी नव्हतं. निघण्याआधी चीक-दूध हातानं वाटीत काढून चमच्यानं पाजायला सांगितलं.

मुलीनं विचारलं, "किती रक्त काढतात?" टाचेला टोचून किंवा शिरेतून, एक मिलीपेक्षाही कमी. काही ठिकाणी कपाळावर किंवा छातीवर टेकवायचं यंत्र असतं, त्यात रक्त काढावं लागत नाही. पण त्याचा आकडा उपचाराच्या रेषेजवळ आला तर रक्ताचीच तपासणी करतात.

दुपारी १ वाजता रक्त घेतलं, म्हणजे बाळ १२४ तासांचं होतं. अहवालात दोन आकडे होते: एकूण बिलिरुबिन १९.६ आणि त्यातलं डायरेक्ट, म्हणजे यकृतानं प्रक्रिया केलेलं, ०.६. दिव्याचा निर्णय एकूण आकड्यावर होतो. त्यातून डायरेक्ट वजा करायचं नसतं. एवढ्या आठवड्यांच्या, बाकी ठीक असलेल्या बाळासाठी पाचव्या दिवशी दिव्याची रेषा साधारण १८ च्या आसपास धरतात, दवाखाना कोणता तक्ता वापरतो त्यानुसार थोडं वरखाली. म्हणून दिवा लागला. आईचा रक्तगट ओ होता, म्हणून बाळाचाही तपासला. आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल, किंवा आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर पेशी फुटण्याचा वेग वाढू शकतो आणि रेषा खाली येते. हे बाळही ओ पॉझिटिव्ह निघालं. वजन २ किलो ३१० ग्रॅम भरलं, म्हणजे जन्माच्या वजनातून ११ टक्के घट. दहाच्या वर घट म्हणजे दूध पुरत नाही. लवकर झालेला जन्म आणि कमी दूध, कारण हेच ठरलं.

आजीला निळा दिवा पाहून धसका बसला. तो दिवा भाजत नाही. निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतो, मग ते यकृताची वाट न बघता पित्तातून आणि लघवीतून निघून जातं. म्हणून बाळ फक्त लंगोटावर, डोळ्यांवर पट्टी, आणि शक्य तेवढं अंग उजेडात. उन्हातही निळा प्रकाश असतो, पण दहा-पंधरा मिनिटांत तो पुरत नाही. बाळ उघडं ठेवलं तर गारठतं किंवा भाजतं, आणि दोन दिवस त्यातच जातात. दिव्याखाली तासन्तास सलग राहावं लागतं. बाहेर काढायचं ते दूध पाजायला: दर दोन तासांनी, अंगावर घेऊन आणि वर काढलेलं साधारण २५ मिली पालाडई या चोचीच्या वाटीनं. हात लावून उठवून पाजायचं, मागायची वाट बघायची नाही.

रात्री पुन्हा तपासलं तेव्हा आकडा १६.८ होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १३.१, आणि दिवा बंद झाला. दिव्याखाली कातडीचा पिवळेपणा रक्तापेक्षा लवकर उतरतो, त्यामुळे तिथून पुढे डोळ्यांच्या अंदाजाला किंमत नसते. दिवा बंद झाल्यावर पुढच्या २४ तासांत परत एक तपासणी करतात, कारण आकडा थोडा उसळी घेतो. या बाळाचा १३.९ झाला आणि तिथंच थांबला.

बाळ दूधच ओढेना, उठवूनही उठेना, कर्कश रडायला लागलं, अंग ताठ करून कमरेतून मागे वाकू लागलं किंवा ताप आला, तर ही वाट धरायचीच नाही. बिलिरुबिन मेंदूपर्यंत जात असल्याच्या या खुणा आहेत. त्यातून बहिरेपणा आणि हातापायांची कायमची हानी होऊ शकते. लॅबमध्ये नमुना देऊन घरी यायचं नाही, थेट नवजात विभाग असलेल्या रुग्णालयात न्यायचं. पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसलेलं बाळही असंच तातडीचं.

जाताना एक विचारणा राहिली होती: बाळाचे कपडे पेटीतून काढलेले, त्यात डांबराच्या गोळ्या होत्या. ते सगळे धुऊन वापरायला सांगितले. काही बाळांत जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं आणि त्या गोळ्यांच्या वासानंही त्यांच्या तांबड्या पेशी धडाधड फुटतात. ते कमी आहे हे बहुतेक घरांना तोपर्यंत माहीत नसतं.

घरी गेल्यावर आजीला दोनच गोष्टी बघायला दिल्या. पिवळेपणा पूर्ण दिवसांच्या बाळात १४ दिवसांनंतर, ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळात २१ दिवसांनंतरही राहिला, तर पुन्हा रक्त आणि तेव्हा डायरेक्ट आकडा जास्त महत्त्वाचा. आणि शी पांढुरकी, मातीच्या रंगाची किंवा लघवी गडद पिवळी दिसली, तर कितव्या दिवशी का असेना, त्याच दिवशी दाखवायचं. पित्ताची वाट बंद असेल तर तिची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झालेली बरी. या बाळाची शी तिसऱ्या आठवड्यात मोहरीसारखीच होती, वजन जन्माच्या वर गेलं होतं, आणि आजी दुपट्याचा फोटो काढून मुलीच्या मोबाइलवरून पाठवत होती.