आजीने वाचलेले ‘धाट’

“मी नाशिकमध्ये डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गोदाकाठासाठी मी दिशाफलक केले आणि अक्षरे आधुनिक दिसावीत म्हणून शिरोरेषा काढून टाकली. ज्युरीत एक परीक्षक सर्वांसमोर म्हणाले, ‘हे फलक यात्रेकरूंसाठी नाहीत, तुझ्या पोर्टफोलिओसाठी आहेत.’ घरी आजीनेही ‘घाट’ला ‘धाट’ वाचले होते, पण तिचा चष्मा जुना आहे. हा अपमान विसरता येत नाही. मी विषय बदलू का?”
– एक विद्यार्थिनी, पंचवटी

प्रिय मुली,

आजीच्या चष्म्याला दोष देणे आधी थांबव. दोष चष्म्याचा असता, तर सगळाच शब्द धूसर झाला असता. तिने काना वाचला, ‘ट’ वाचला आणि नेमका ‘घ’ चुकला. नदीकाठच्या फलकावर ज्वारीचे धाट कशाला येईल, हे तिला कळत नव्हते असे थोडेच आहे? तरीही तिच्या डोळ्यांना तेच दिसले. ‘घ’ची शिरोरेषा सलग असते आणि ‘ध’ची डावीकडे तुटलेली असते, ‘म’ आणि ‘भ’ यांचेही तसेच आहे. तू रेषाच काढून टाकलीस, तेव्हा फरक सांगायला ‘ध’च्या डोक्यावरची लहानशी गाठ तेवढी उरली, आणि जाड अक्षरात ती गाठ लांबून दिसत नाही.

मी शिकत असताना एका परीक्षकांनी माझे भित्तिपत्रक लांब व्हरांड्याच्या टोकाला उभे केले आणि मला नाटकाचे नाव वाचायला सांगितले. मी ते घडाघडा वाचल्यावर ते म्हणाले, “तू आठवते आहेस, वाचत नाहीस.” मी त्या दिवशी रडले आणि वर्षभर त्यांच्यावर रागावून राहिले. पुढे पहिल्याच नोकरीत, मी रेखाटलेल्या दुकानाच्या पाटीवरचा ‘भ’ रंगाऱ्याने ‘म’ म्हणून रंगवला, तेव्हा ते वाक्य मला खऱ्या अर्थाने ऐकू आले. तेव्हापासून माझे प्रत्येक अक्षर मी आधी मजकूर ठाऊक नसलेल्या माणसाला दाखवते. तुझ्या घरी ते माणूस आयते होते आणि तू त्याचे उत्तर बाजूला सारलेस, याचे मला तुझ्या परीक्षकांच्या बोलण्यापेक्षा अधिक वाईट वाटते.

विषय बदलू नकोस. या रविवारी घर, धर, भार, मार, भान, मान हे सहा शब्द शिरोरेषेसह आणि शिरोरेषेविना असे दोनदा छाप. शिरोरेषेच्या जागेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची १० सेंटीमीटर ठेव.  आजीला तिच्या त्याच चष्म्यासह ३० मीटरवर उभी कर, कारण यात्रेकरूही आपापल्या जुन्या चष्म्यांनिशीच रामकुंडावर येतात. शब्द आधी सांगू नकोस, क्रम मिसळून दाखव, तिला हळूहळू जवळ येऊ दे आणि प्रत्येक शब्द ती जिथे अचूक वाचेल तिथे जमिनीवर खडूने खूण कर. दोन्ही प्रकारच्या खुणांमधले अंतर मोजून ते आकडे घेऊन त्याच परीक्षकांकडे जा.