अर्धवट तिकीट, दोन मनगटपट्टे आणि दादाची आयर्न मेडन

प्रश्न: दादाच्या जुन्या पाकिटात अर्धं तिकीट सापडलं, त्यावर फक्त SAT वाचता येतंय. सोबत एक केशरी कागदी आणि एक निळा कापडी पट्टा आहे. त्याला बंगळूर आणि आयर्न मेडन, परिक्रमा, मेगाडेथ या रॉक बँडची नावं एवढंच आठवतं. ही कॉन्सर्ट कुठल्या वर्षीची?

उत्तर: माझ्या मते 17 मार्च 2007, पॅलेस ग्राउंड्स.

मी सुरुवात वारापासून केली. मेडन त्या काळात भारतात तीनदा वाजवून गेले: 17 मार्च 2007 ला बंगळूर, 1 फेब्रुवारी 2008 ला मुंबई आणि 15 फेब्रुवारी 2009 ला पुन्हा बंगळूर. कॅलेंडर उघडून बघा. पहिला शनिवार, दुसरा शुक्रवार, तिसरा रविवार. म्हणजे वर्ष फाटून गेलं तरी SAT एवढ्यावर काम होतं. परिक्रमाही 2007 च्याच कार्यक्रमात मेडनच्या आधी वाजले होते.

अडचण मेगाडेथची. ते बंगळूरला आले मार्च 2008 मध्ये, रॉक इन इंडियाला. तेव्हा मेडन नव्हते. त्याच मैदानावर वर्षभराच्या अंतराने पाहिलेले दोन कार्यक्रम दादाच्या डोक्यात एक झाले असावेत. असं फार वेळा होतं, म्हणून सगळी आठवलेली नावं एकाच पोस्टरवर शोधत बसू नका. दोन-दोन नावांच्या जोड्या लावून पाहा आणि जी जोडी कुठेच जमत नाही तिथे दुसरा कार्यक्रम धरा.

पट्ट्यांच्या रंगावर मात्र विसंबू नका. रंग बहुतेक वेळा आत जाण्याचा विभाग किंवा दिवस सांगतो, वर्ष नाही, आणि दर वेळी आयोजक तो बदलू शकतात. पट्टा कशाचा आहे हे जास्त बोलतं. कागदी पट्टा सहसा एका दिवसापुरता असतो. कापडी, दाबून बंद केलेला पट्टा बरेच दिवस हातात राहावा म्हणून देतात, त्यामुळे तुमचा निळा पट्टा बहुधा तिसऱ्याच, दोन-तीन दिवसांच्या फेस्टिवलचा आहे. त्याच्या विणीत नाव किंवा साल असतं. भिंगातून उलट बाजूही बघा.

तिकिटावरची शाई उडाली असेल तर ते इस्त्रीने गरम करू नका. थर्मल कागद उष्णतेने सगळाच काळा होतो आणि उरलेलं अक्षरही जातं. स्कॅन करून काळं-पांढरं करा, कॉन्ट्रास्ट वाढवा. टॉर्च आडवा धरून काढलेल्या फोटोतही कधीकधी छपाईचा दाब दिसतो.

आता खात्रीसाठी दादाला एकच विचारा: मेडनने पहिलं गाणं कुठलं वाजवलं? 2007 च्या दौऱ्यात सुरुवात 'डिफरंट वर्ल्ड'ने व्हायची. 2008 आणि 2009 मध्ये चर्चिलचं भाषण वाजायचं आणि मग 'एसेस हाय'. त्याला भाषण आठवलं, तर मला पुन्हा लिहा. मग त्या SAT चा अर्थ वेगळा लावावा लागेल. गाण्यांच्या याद्या setlist.fm वर तारखेनुसार मिळतात, दादाला त्याच वाचून दाखवा.