डोमेन बँकेचे, नाव वेबसाइट करून देणाऱ्याचे

प्रश्न: आमची नागरी सहकारी बँक आहे. बँकेचे जुने `.com` डोमेन 2013 मध्ये वेबसाइट करून देणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतले. पैसे बँकेनेच दिले. आता आमची वेबसाइट `.bank.in` वर गेली आहे, पण जुने डोमेनही चालू आहे. त्या गृहस्थांशी भांडण नाही, फक्त ‘करून देतो’ म्हणत वर्ष गेले. शेवटी मी बँकेच्या लेटरहेडवर डोमेन नोंदवणाऱ्या रजिस्ट्रार कंपनीला ‘मालकाचे नाव चुकीने पडले आहे, ते दुरुस्त करून बँकेचे नाव लावावे’ असे पत्र दिले. त्यांनी कळवले की खातेदाराच्या संमतीशिवाय बदल होणार नाही. डोमेनची मुदत अडीच महिन्यांनी संपते. काय करावे? — व्यवस्थापक, एक नागरी सहकारी बँक

उत्तर: व्यवस्थापक महोदय, रजिस्ट्रारने दिलेले उत्तर बरोबर आहे आणि त्यात बँकेचेही हित आहे. उद्या कुणी तुमच्या लेटरहेडची नक्कल करून असेच पत्र पाठवले, तर त्या एका कागदावर बँकेचे डोमेन हलू नये असेच तुम्हाला वाटेल. रजिस्ट्रार हे न्यायालय नाही. नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्याशी त्याचा करार आहे, आणि खरा हक्क कोणाचा हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही.

अडचण तुमच्या पत्रातल्या ‘चुकीने’ या शब्दाने वाढवली. नावातले एखादे अक्षर चुकले असेल तर ती दुरुस्ती. एका व्यक्तीच्या जागी बँक येणे हा धारकाचाच बदल आहे. `.com` सारख्या डोमेनसाठी आयकॅन या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या जागतिक संस्थेचे नियम हा फरक करतात आणि धारक बदलायचा असेल तर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही धारकांची संमती मागतात. शिवाय वस्तुस्थिती पाहिली तर नाव चुकून पडलेलेच नाही. त्या गृहस्थांनी ते जाणूनबुजून, पण तुमच्या कामासाठी आणि तुमच्या पैशाने लावले. प्रकरण पुढे न्यायालयात गेले तर तुमचे हे पत्र पुरावा म्हणून समोर येईल. म्हणून नव्या पत्रात ‘बँकेच्या सांगण्यावरून, बँकेच्या खर्चाने आणि बँकेच्या वतीने नोंदवले’ असे लिहा. भारतीय करार अधिनियम, 1872 मधले एजंटाचे नाते या शब्दांत येते. एजंटाने त्या नात्याचा आधार घेऊन स्वतःसाठी मिळवलेला लाभ त्याने मालकासाठीच धरायचा असतो, हे भारतीय न्यास अधिनियम, 1882 चे कलम 88 सांगते. त्या गृहस्थांचा उल्लेख ‘मालक’ असा कुठेही करू नका, ‘नोंदीतील धारक’ म्हणा.

आणखी पत्रव्यवहार करण्याआधी एक गोष्ट तपासा. डोमेनच्या नोंदीत व्यक्तीच्या नावाचा एक रकाना असतो आणि `Organization` हा वेगळा. आयकॅनच्या नियमांनुसार संस्थेचा रकाना भरलेला असेल तर ती संस्थाच धारक धरली जाते, व्यक्तीचे नाव फक्त संपर्कापुरते राहते. तेव्हा डोमेन `lookup.icann.org` वर शोधून पाहा आणि त्या गृहस्थांना खात्यात शिरून त्या रकान्याचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. मे 2018 पासून व्यक्तींची नावे सार्वजनिक नोंदीत बहुधा झाकलेली असतात, म्हणून खात्यातली नोंद पाहणे महत्त्वाचे. तिथे बँकेचे नाव निघाले तर काम खूपच सोपे होईल. तो रकाना रिकामा आहे किंवा त्यात त्यांच्या व्यवसायाचे नाव आहे असे धरून मी पुढचे लिहितो.

पहिले काम नाव बदलण्याचे नाही, मुदत वाढवण्याचे आहे. खाते त्यांचे असल्याने नूतनीकरण त्यांनाच करू द्या. रक्कम बँकेने त्यांच्या खात्यात भरावी आणि व्हाउचरवर ‘बँकेच्या डोमेनचे नूतनीकरण’ असे स्पष्ट लिहावे. त्यामुळे त्यांचा हक्क मान्य केल्यासारखे होत नाही, उलट बँकेच्या बाजूचा एक पुरावा वाढतो. मुदत उलटली तर रजिस्ट्रार काही दिवस सवलत देतो, पण ते दिवस किती हे त्याच्या अटींवर अवलंबून असते. डोमेन रद्द झाल्यावर 30 दिवस ते जास्त शुल्क भरून सोडवता येते, त्यानंतर 5 दिवसांनी ते कुणालाही घेता येते. ज्या पत्त्यावर तुमचे ठेवीदार वर्षानुवर्षे येत होते, तिथे कुणी हुबेहूब तुमच्यासारखे लॉगिनचे पान ठेवले तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` वर जाण्यास सांगितले, म्हणून जुन्याची गरज संपली असे समजू नका.

दुसरे काम संमतीपत्राचे. ‘करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला करायला सोपा कागद दिला की काम पुढे सरकते. मजकूर तुम्हीच तयार करा: ‘सदर डोमेन मी 2013 मध्ये बँकेच्या वतीने व बँकेच्या खर्चाने नोंदवले. त्यावर माझा वैयक्तिक हक्क नाही. धारक म्हणून बँकेचे नाव लावण्यास व डोमेन बँकेच्या खात्यात वर्ग करण्यास माझी संमती आहे.’ त्यावर सही, तारीख आणि ओळखपत्राची प्रत घ्या. तुमच्या फाइलमधला सर्वात मोलाचा कागद हाच ठरेल, कारण उद्या ते फिरले किंवा दुर्दैवाने हयात राहिले नाहीत तरी तो बोलतो.

त्यांची जुनी बिले बाकी आहेत का, तेही आधी पाहा. एखाद्या वर्षाचे नूतनीकरण त्यांनी पदरच्या पैशाने केले असेल, तर करार अधिनियमाच्या कलम 221 वर बोट ठेवून ते ‘माझे येणे मिळेपर्यंत सोडणार नाही’ असे म्हणू शकतात. एजंटाला त्याच कामाच्या येण्यापुरती मालकाची मिळकत अडवून ठेवण्याचा हक्क हे कलम देते. तो हक्क डोमेनला लागू होतो का, यावर वाद घालता येईल, पण काही शेकड्यांच्या बिलासाठी तो वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही. मान्य रक्कम पावती घेऊन चुकती करा.

आता रजिस्ट्रारला जाणारे पत्र. त्याच्या जोडीला संचालक मंडळाचा ठराव हवाच, आणि त्या ठरावात डोमेनचे पूर्ण नाव, सही करणाऱ्याचे नाव व पद आणि धारक बदलण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे बँक ही स्वतः कायदेशीर व्यक्ती आहे. व्यवस्थापक म्हणून तुम्ही तिच्या वतीने सही करता, आणि ती सही करण्याचा अधिकार ठरावातून दिसावा लागतो. पत्र असे लिहा:

‘आमच्या बँकेच्या वतीने नोंदवलेल्या डोमेनच्या नोंदीत धारक म्हणून आमच्या सेवा पुरवठादाराचे नाव आहे. बँकेस धारक करण्यास त्यांनी लेखी संमती दिली असून ती सोबत आहे. आपल्या पद्धतीनुसार हा बदल करण्यासाठी कोणता अर्ज व कोणती कागदपत्रे लागतील ते कळवावे. बदल पूर्ण होईपर्यंत डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवले जाणार नाही अशी नोंद ठेवावी, तसेच 2013 पासूनच्या नोंदणीचा व देयकांचा तपशील जतन करावा.’

सोबत ठराव, संमतीपत्र, सहकार खात्याचे नोंदणी प्रमाणपत्र, रिझर्व्ह बँकेचा परवाना, बँकेचे पॅन आणि पैसे दिल्याच्या नोंदी जोडा. बँकेचे नाव प्रमाणपत्रावर इंग्रजीत जसे आहे तसेच, अक्षरन् अक्षर लिहा. ‘मर्यादित’साठी कुठे पूर्ण शब्द आणि कुठे संक्षेप असला, तरी एवढ्यावरूनच अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

खुद्द बदल मात्र पत्राने होत नाही, तो खात्यातून होतो. त्या गृहस्थांना समोर बसवून एका बैठकीत उरका. त्याच रजिस्ट्रारकडे बँकेच्या नावाने नवे खाते उघडा आणि डोमेन त्यात वर्ग करा. संस्थेच्या रकान्यात बँकेचे नाव येऊ द्या. ईमेल कुणा अधिकाऱ्याचा खासगी नको, आणि त्याच जुन्या `.com` वरचाही नको. ते डोमेन बंद पडले तर त्याच्याच पत्त्यावर येणारी सूचना तुम्हाला कधीच दिसणार नाही. तुमच्या `.bank.in` वर पदाच्या नावाने एक पत्ता करून तो द्या. संमतीची लिंक दोघांच्याही ईमेलवर येते, म्हणून त्यांचा 2013 चा पत्ता अजून उघडतो का हे आदल्या दिवशीच पाहा. नव्या पत्त्याच्या पडताळणीसाठी वेगळा मेल येतो. त्याला 15 दिवसांत उत्तर दिले नाही तर रजिस्ट्रार डोमेन थांबवू शकतो. डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणाऱ्या नेमसर्व्हरच्या नोंदींना या बैठकीत हात लावू नका, नाहीतर नाव बदलेल पण वेबसाइट आणि मेल बंद पडतील. धारक बदलल्यावर सहसा 60 दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, त्यामुळे रजिस्ट्रार बदलायचा विचार असेल तर तो नंतर करा.

संमती मिळालीच नाही तर? वकिलामार्फत 15 दिवसांची नोटीस द्या, आणि त्यात डोमेन विकू नये, हलवू नये, मुदतबाह्य होऊ देऊ नये अशी ताकीद असू द्या. त्यानंतर दावा. डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळते हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या निकालात मान्य केले आहे. डोमेन नावांचे वाद वाणिज्यिक न्यायालय अधिनियम, 2015 मध्ये येतात, पण दाव्याचे मूल्य किमान 3 लाख रुपये असावे लागते. तातडीचा मनाई हुकूम मागितला नसेल तर तिथे आधी मध्यस्थीला जावे लागते. तुमच्या बाबतीत मुदत जवळ असल्याने मनाई हुकूम मागावाच लागेल.

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार करण्याचा मार्गही लोक सुचवतात. `.com` साठी तिथे नोंदणी आणि वापर दोन्ही दुष्ट हेतूने झाले हे सिद्ध करावे लागते. तुमच्याच सांगण्यावरून नोंदणी करणाऱ्या माणसाविरुद्ध ते सिद्ध होणे कठीण आहे, आणि असे प्रकरण करारातला वाद म्हणून परत पाठवले जाण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्या जागी मी त्यावर खर्च करणार नाही.

काम झाले की रजिस्ट्रारकडून धारकाचे नाव नमूद केलेली लेखी पुष्टी मागवा आणि ती ठराव व संमतीपत्रासह लेखापरीक्षणाच्या फाइलमध्ये लावा. त्या खात्याचा पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची ओळख दोन अधिकाऱ्यांकडे ठेवा, आणि त्यांच्यापैकी कुणाची बदली किंवा निवृत्ती झाली की पदभार सोपवण्याच्या यादीत डोमेनची ओळ लिहिलेली असू द्या.