अल्जिब्रा म्हणजे हाडवैद्यकी

प्रश्न : 'अल्जिब्रा' हा शब्द अरबी 'अल-जब्र'वरून आला आणि जब्र म्हणजे बळजबरी, असं वाचलं. आकड्यांवर कसली बळजबरी? अल्गोरिदम आणि झीरो हेही अरबीच का? आणि मुळात त्यांचे अर्थ काय होते?

उत्तर : जब्रचा एक अर्थ सक्ती असा आहेच, पण या गणिताला ज्या अर्थाने नाव पडलं तो दुसरा. ज-ब-र या अरबी धातूचा एक अर्थ मोडलेलं जागेवर बसवणं, विशेषतः मोडलेलं हाड. फळ्या बांधून हाड धरून ठेवतात त्या साधनाला अरबीत आजही 'जबीरा' म्हणतात. निखळलेलं हाड बसवायचं म्हणजे जोर लावावाच लागतो, त्यामुळे 'सक्ती' आणि 'सांधणं' हे दोन अर्थ एका धातूत नांदतात याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. जब्बार हे नाव आपल्या ओळखीचं आहे. ते ईश्वराचं विशेषण, आणि त्याचेही दोन्ही अर्थ लावले जातात : ज्याची सत्ता सर्वांवर चालते तो, आणि मोडलेलं सांधतो तो.

एक सावधगिरी. या धातूचा धागा पकडून 'जबरदस्त'पर्यंत जाऊ नका. तो फारसी 'झबरदस्त'. झबर म्हणजे वर, दस्त म्हणजे हात, म्हणजे ज्याचा हात वरचढ तो. अरबी 'जब्र' आणि फारसी 'झबर' यांना मराठीत एकच ज मिळाला आणि अर्थही शेजारशेजारचे, त्यामुळे आपल्या कानाला ते एकच वाटतात.

आता आकड्यांमध्ये मोडलेलं काय होतं ते बघू. मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी हा बगदादचा विद्वान, खलिफा अल-मामूनच्या पदरी होता. इ. स. ८२०च्या सुमारास त्याने एक पुस्तक लिहिलं : 'अल-किताब अल-मुख्तसर फी हिसाब अल-जब्र वल-मुकाबला'. या नावातलं किताब कळतं, हिसाब म्हणजे आपला हिशेब, मुकाबलाही ओळखीचा. अडतो तो जब्रपाशीच. पुस्तक लिहिलं कामकाजाच्या लोकांसाठी : वाटण्या, मृत्युपत्रं, देवघेव, जमिनीची मोजणी. त्यात चिन्हं नाहीत, क्ष नाही, आकडेसुद्धा अक्षरी. अज्ञात संख्येला तो 'शय्' म्हणतो, म्हणजे 'वस्तू', नाहीतर 'जिझ्र', म्हणजे मूळ. तिच्या वर्गाला म्हणतो 'माल'. हा तोच माल, जो आपल्या मालमत्तेत आहे : धन, ऐवज. साध्या सुट्या संख्या मोजायला दिरहम. म्हणजे एखादं वर्गसमीकरण त्याच्या भाषेत ऐकलं तर घरच्या वाटणीचा हिशेब चाललाय असंच वाटेल.

त्याचंच एक उदाहरण घेऊ. दहाचे दोन भाग करा. प्रत्येकाला त्यानेच गुणून दोन्ही गुणाकार मिळवले तर अठ्ठावन्न आले. तर ते भाग कोणते?

एक भाग 'वस्तू' धरला, तर दुसरा 'दहा, एक वस्तू वजा'. पहिल्याचा वर्ग एक माल. दुसऱ्याचा वर्ग शंभर दिरहम आणि एक माल, वीस वस्तू वजा. मिळवल्यावर :

१०० + २ माल − २० वस्तू = ५८

अधिक-उण्याची चिन्हं मी घातली आहेत. तो ते वाक्यात सांगतो : शंभर दिरहम आणि दोन माल, 'इल्ला' म्हणजे खेरीज वीस वस्तू. डाव्या बाजूला एक रक्कम आहे, पण ती धड नाही. तिच्यातून वीस वस्तूंचा तुकडा निघालेला आहे, ती लंगडी आहे. तर तो तुकडा परत बसवा, आणि तोल जाऊ नये म्हणून तेवढंच पलीकडेही घाला. हे बसवणं म्हणजे जब्र :

१०० + २ माल = ५८ + २० वस्तू

शाळेत 'उणे पलीकडे गेलं की अधिक होतं' असं आपण घोकलं, ती हीच क्रिया. फरक एवढा की आपल्याला पद उडी मारून चिन्ह बदलताना दिसलं आणि त्याला मोडकं अंग भरून येताना दिसलं. मला विचाराल तर त्याचं चित्र जास्त खरं आहे, कारण पद कुठे जात नाही. दोन्हीकडे सारखंच मिळवलं जातं. ज्यांना पक्षांतर करताना चिन्ह बदलायचं राहून जातं, त्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून बघावं.

पुढे तो सगळं निम्मं करतो : ५० + माल = २९ + १० वस्तू. आता दोन्ही बाजूंना सुटे दिरहम आहेत. त्यांना समोरासमोर उभं करा, एकोणतीसला एकोणतीस जाऊ द्या आणि जे उरेल ते ठेवा. हा झाला मुकाबला :

२१ + माल = १० वस्तू

यापुढची कृती ठरलेली. वस्तूंच्या संख्येचं अर्ध पाच, त्याचा वर्ग पंचवीस, त्यातून एकवीस गेले की चार, त्याचं मूळ दोन. पाचातून दोन वजा केले तर तीन, मिळवले तर सात. तेच दोन भाग, आणि नऊ अधिक एकोणपन्नास अठ्ठावन्न होतात.

हाड बसवण्याची एवढी गरज त्याला का पडली? कारण त्याच्या पद्धतीत समीकरणाचे सहाच नमुने होते आणि सहाही नमुन्यांत दोन्ही बाजूंना फक्त मिळवायच्याच रकमा. कुठलंही उदाहरण आलं की आधी त्यातलं वजा भरून काढायचं, मग सारख्याला सारखं छाटायचं, मग ते सहापैकी कुठल्या साच्यात बसतं ते बघायचं. आपल्याकडे ही अडचण नव्हती. ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच धन आणि ऋण यांचे नियम दिले होते, आणि पुढे भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देऊन मोकळे होत. त्यामुळे आपलं नावही वेगळ्याच कल्पनेतून आलं, बीजगणित. अल्जिब्रा हे नाव एका क्रियेचं, आणि तेही दोनातल्या पहिल्या क्रियेचं. मुकाबला बिचारा नावातून गळाला.

तो गळाला युरोपात. रॉबर्ट ऑफ चेस्टरने ११४५मध्ये स्पेनमधल्या सेगोव्हियात या पुस्तकाचं लॅटिन भाषांतर केलं तेव्हा 'अल्जेब्रा' आणि 'अल्मुकाबाला' दोन्ही शब्द होते. पुढे लांबलचक नावाचं होतं तेच झालं, पुढचा तुकडा टिकला. गंमत अशी की स्पॅनिशमध्ये हाडाचा अर्थही बरीच शतकं जिवंत होता. तिथे 'अल्हेब्रिस्ता' म्हणजे हाडवैद्य. 'दोन किहोते' या स्पॅनिश कादंबरीच्या १६१५च्या दुसऱ्या भागात एक पात्र घोड्यावरून आपटतं आणि त्याच्यावर उपचार करायला अल्हेब्रिस्ता मिळतो. ते वाचून गणिताच्या मास्तरांना कशाला बोलावलं, असं वाटायला नको.

'शय्'चंही असंच झालं. लॅटिनमध्ये त्याचं 'रेस', इटालियनमध्ये 'कोसा' असं शब्दशः भाषांतर झालं, दोन्हींचा अर्थ वस्तूच. त्यावरून जर्मन लोक बीजगणिताला 'कॉस' म्हणू लागले आणि सोळाव्या शतकातले इंग्रज 'कॉसिक आर्ट'. 'शय्'चं स्पॅनिशमध्ये 'क्साय' झालं आणि त्याचं पहिलं अक्षर म्हणजे आपला एक्स, ही गोष्ट मात्र फॉरवर्डमध्ये फिरते तेवढीच. तिला कागदोपत्री आधार नाही. अज्ञातासाठी एक्स, वाय, झेड वापरण्याचा प्रघात देकार्तने १६३७मध्ये पाडला.

आता अल्गोरिदम. हा शब्द अरबी आहे खरा, पण मुळात तो कशाचंच वर्णन करत नाही. ते आडनाव आहे. ख्वारिझ्म हा अरल समुद्राच्या दक्षिणेचा प्रदेश, आज त्याचा बराचसा भाग उझबेकिस्तानात येतो. तिथला तो अल-ख्वारिझ्मी, म्हणजे आपल्या पद्धतीने ख्वारिझ्मकर. त्याने भारतीय अंकांवरही एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचा अरबी मूळ ग्रंथ आज नाही, लॅटिन रूप आहे, आणि त्याची सुरुवात होते 'दिक्सित अल्गोरिझ्मी' अशी, म्हणजे 'अल्गोरिझ्मी म्हणाला'. वाचणाऱ्यांच्या लेखी हळूहळू माणूस मागे पडला आणि 'अल्गोरिझम' म्हणजे ही नवी, दहा चिन्हांनी आकडेमोड करायची रीत असा अर्थ झाला. पोर्तुगीजमध्ये 'अल्गारिझ्मु' म्हणजे नुसता अंक. संख्येला ग्रीक शब्द 'अरिथमॉस', त्याच्या ओढीने झमचं थम झालं. 'रिदम'शी म्हणजे तालाशी त्याचा काही संबंध नाही. ठरलेल्या पायऱ्यांनी उत्तर काढण्याची कोणतीही रीत, हा अर्थ अलीकडचा.

आणि झीरो. इथे अरबी शब्द मधला मुक्काम आहे. शून्य म्हणजे रिकामं. अरबांनी आवाज उचलला नाही, अर्थ उचलला. त्यांच्याकडे रिकाम्याला 'सिफ्र' हा शब्द होताच. उर्दूत तो आजही सिफर आहे. जिथे काही उरत नाही तिथे एक लहान वर्तुळ काढा, जागा मोकळी सोडू नका, असं त्या लॅटिन पुस्तकातही सांगितलेलं आहे. म्हणजे शब्द रिकाम्या जागेचा आणि चिन्ह ती जागा राखण्याचं. पिसाच्या फिबोनाचीने ते अंक उत्तर आफ्रिकेत बुजिया बंदरात पाहिले, तिथे त्याचे वडील जकातीच्या कामावर होते. १२०२च्या पुस्तकात तो सिफ्रला लॅटिन वळण देऊन 'झेफिरुम' म्हणतो. त्याचं इटालियनमध्ये झेफिरो, झेव्हेरो आणि घासून घासून झेरो झालं.

तोच सिफ्र दुसऱ्या वाटेने 'सिफ्रा' होऊन इंग्रजीत 'सायफर' झाला. सायफर आधी शून्य, मग कुठलाही अंक, आणि शेवटी गुप्त लिपी. म्हणजे इंग्रजीत झीरो आणि सायफर हे एकाच सिफ्रचे दोन वंशज एकमेकांना न ओळखता राहतात. फ्रेंच 'शिफ्र' आणि जर्मन 'त्सिफर' यांचा अर्थ अंक असाच राहिला.

जाता जाता, 'अल' दिसला की अरबी म्हणू नका. अल्कोहोल अरबी आहे (अल-कुह्ल म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा, तिथून बारीक पूड, तिथून अर्क). पण अल्फाबेटमध्ये ग्रीक अल्फा आणि बीटा आहेत, आणि ॲल्युमिनियममध्ये लॅटिन 'अलुमेन', म्हणजे आपली तुरटी.